माध्याभिमुख समाश्रयण व उपचाराचा आभास

एखाद्या चढउतार होणाऱ्या राशीचे मापन करून ज्यांची मापे सरासरीपासून फार दूर आली असतील अशाच व्यक्ती वा वस्तू निवडल्या आणि त्यांचेच पुन्हा मापन केले, तर दुसऱ्या वेळची मापे एकंदरीने सरासरीच्या जवळ आलेली आढळतात. या घटनेस ‘माध्याभिमुख समाश्रयण’ म्हणतात. दोन मापनांच्या मधल्या काळात औषध, आहार, बक्षीस वा शिक्षा यांपैकी काही दिले गेले असेल, तर हा बदल त्याचाच परिणाम होय असे समजले जाते. मधल्या काळात काहीही केले नसते तरी बदलाचा काही भाग घडलाच असता, ही गोष्ट मात्र नजरेआड होते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू व तलासरी या तालुक्यांत अंगणवाड्यांमधून होणारे कुपोषित बालकांचे मापन हे या आभासाचे समजण्यास सोपे व व्यवहारात महत्त्वाचे असे उदाहरण आहे. प्रस्तुत नोंदीत त्याचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

संकल्पनेचा उगम : इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबापांची उंची व त्यांच्या प्रौढ अपत्यांची उंची यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत ९२८ अपत्यांच्या मापांचा उपयोग केला होता. फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच असली, तरी आईबापांइतकी उंच नसतात आणि ठेंगण्या आईबापांची मुले त्यांच्याइतकी ठेंगणी नसतात, असे त्यांना आढळले. आईबापांची उंची सरासरीपासून जितकी दूर असेल, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश अंतरावर अपत्यांची सरासरी उंची येत होती. काही विशिष्ट शक्ती पिढ्यांना मध्याकडे ओढते, असा याचा अर्थ नव्हे. अपत्यांच्या उंचीपासून सुरुवात करून आईबापांच्या उंचीकडे पाहिले, तरीही तोच प्रकार दिसतो. परिणाम कारणाच्या आधी घडू शकत नाही, यावरून हे समाश्रयण कोणत्याही कारणाचे फळ नसून दोन मापांतील सहसंबंध पूर्ण नसल्याचा अपरिहार्य गणिती परिणाम आहे, हे स्पष्ट होते.

कोणतेही एक माप दोन भागांचे बनलेले असते. एक भाग टिकाऊ असतो आणि दुसरा त्या दिवसापुरता असतो. अतिशय कमी माप आलेल्यांची निवड केली की, ज्यांचा टिकाऊ भाग खरोखरच कमी आहे असे काहीजण निवडले जातात. त्यांच्याबरोबरच ज्यांचा त्या दिवसापुरता भाग योगायोगाने प्रतिकूल होता असेही काहीजण निवडले जातात. पुढच्या मापनाच्या वेळी टिकाऊ भाग तसाच राहतो, परंतु तात्पुरता भाग पुन्हा तितकाच प्रतिकूल असण्याचे कारण नसते. त्यामुळे गटाची सरासरी वर सरकते.

डहाणू-तलासरीतील मापन : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली आदी आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. भात, नागली व मजुरी यांवर अवलंबून असलेल्या येथील अनेक कुटुंबांत पावसाळ्याच्या मध्यास धान्याची टंचाई भासते, तर दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर कामांसाठी स्थलांतर करतात. अंगणवाडीत पाच वर्षांखालील बालकांचे वजन व उंची मोजतात आणि त्या उंचीस अपेक्षित असलेल्या वजनाशी बालकाच्या वजनाची तुलना करतात. ही तुलना प्रमाण विचलनाच्या एककात मांडली जाते. बालकाचे वजन अपेक्षित मध्यमूल्यापेक्षा तीन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असेल, तर ते तीव्र कुपोषित (सॅम) समजले जाते. दोन व तीन यांच्या दरम्यान असेल, तर ते मध्यम कुपोषित (मॅम) समजले जाते. दंडाचा घेर ११५ मिमी.पेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पायांवर सूज असणे, ही तीव्र कुपोषणाची आणखी दोन गमके होत. निवडलेल्या बालकांना ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा आहार व औषधे देतात. आजारी असलेल्या बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले जाते.

या मापात तात्पुरता भाग बराच असतो. हगवण झालेल्या बालकाच्या शरीरातील पाणी कमी होऊन वजन एकदोन दिवसांत काही शे ग्रॅमनी उतरते व आजार बरा होताच पुष्कळसे भरून येते. तापात बालक खात नाही. वजन जेवणापूर्वी केले की नंतर, अंगावर कपडे होते की नाही, काटा शून्यावर आणला होता की नाही, यांनीही फरक पडतो. सर्वांत मोठी अडचण उंचीची असते. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या दोन वर्षांच्या बालकाची लांबी आडव्या फळीवर घेताना एक सेंटिमीटरची चूक सहज होते. लांबी एक सेंमी. जास्त नोंदली गेली, तर त्या बालकाकडून अपेक्षित असलेले वजन सुमारे २०० ग्रॅमनी वाढते आणि वजनात काहीही बदल न होता बालक अधिक कुपोषित दिसते. या वयात एक प्रमाण विचलन म्हणजे साधारणपणे पाऊण किलोग्रॅम असल्याने अशी एक चूक निकालात पाव प्रमाण विचलनाहून अधिक फरक करते.

आकडेमोड : पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. एका विभागातील १,००० बालकांच्या मापांची सरासरी उणे १·४ आहे आणि मापांचे प्रमाण विचलन १ आहे, असे समजू. एका महिन्याच्या अंतराने कोणताही विशेष उपाय न करता घेतलेल्या दोन मापांतील सहसंबंध गुणांक ०·८ मानू. याचा अर्थ असा की, बालकाबालकांत दिसणाऱ्या विचरणापैकी चारपंचमांश भाग टिकाऊ भेदांमुळे व एकपंचमांश भाग तात्पुरत्या कारणांमुळे उद्‌भवतो. अशा मापनास कोणी निष्काळजी म्हणणार नाही. मापांचे वंटन प्रसामान्य असल्यास १,००० पैकी सुमारे ५५ बालके उणे ३ च्या खाली येतील आणि त्यांची सरासरी उणे ३·४२ असेल.

आता या ५५ बालकांना काहीच दिले नाही व महिन्याने त्यांचे पुन्हा मापन केले असे मानू. निवडलेला गट सर्वसाधारण सरासरीपेक्षा २·०२ इतका खाली होता. सहसंबंध ०·८ असल्यामुळे दुसऱ्या वेळी तो २·०२ च्या ०·८ पट म्हणजे १·६२ इतकाच खाली राहील. म्हणून त्याची सरासरी उणे ३·०२ येईल. काहीही न करता ०·४ प्रमाण विचलनाची, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅमच्या तोलाची ‘सुधारणा’ दिसून येईल. त्याहूनही लक्षणीय गोष्ट ही की, या ५५ बालकांपैकी जवळजवळ निम्मी, म्हणजे सुमारे २७ बालके उणे ३ ची रेषा ओलांडून वर गेलेली आढळतील. त्याच महिन्यात केंद्र चालवले गेले असते, तर निम्मी बालके तीव्र श्रेणीतून बाहेर काढल्याचे श्रेय सर्वस्वी केंद्रास मिळाले असते.

याच आकडेमोडीतून आणखी एक फसवा निष्कर्ष निघतो. पहिले माप उणे ४ असलेल्या बालकाची अपेक्षित वाढ सुमारे ०·५२, तर उणे ३·१ असलेल्या बालकाची ०·३४ येते. सर्वांत खालावलेल्या बालकांनाच उपायाचा सर्वाधिक लाभ झाला, असे यावरून वाटते. परंतु सरासरीपासूनचे अंतर जितके अधिक तितके समाश्रयण अधिक, एवढाच याचा अर्थ होतो.

न मोजलेली बाजू : वरील उदाहरणात काहीच बदललेले नसताना २७ बालके रेषेच्या वर गेली, तर तीव्र कुपोषित बालकांची एकूण संख्या घटली असली पाहिजे असे वाटेल. प्रत्यक्षात ती तितकीच राहते. पहिल्या वेळी रेषेच्या वर असलेल्या ९४५ बालकांपैकी सुमारे २७ बालके दुसऱ्या वेळी रेषेच्या खाली येतात. त्यांतील काहींना मधल्या काळात हगवण झालेली असते, तर काहींचे पहिले माप चुकून चांगले आलेले असते. केवळ निवडलेल्या बालकांचाच पाठपुरावा केला, तर ही दुसरी २७ बालके अहवालात येत नाहीत. म्हणूनच आभास ओळखण्याची पहिली व बिनखर्चाची कसोटी ही आहे की, निवडलेल्यांचे पुढे काय झाले एवढेच न पाहता सर्व बालकांचे पुन्हा मापन करून नव्याने खाली आलेल्यांची गणना करावी. बाहेर पडणारी व नव्याने येणारी बालके सारखीच असतील, तर गावाच्या पोषणस्थितीत बदल झालेला नाही.

शाबासकी व समज : हाच न्याय अंगणवाड्यांनाही लागू पडतो. वरील परिस्थितीत प्रत्येकी ४० बालकांच्या १०० अंगणवाड्या आहेत आणि त्या सर्वांची मूळ स्थिती अगदी एकसारखी आहे असे मानू. प्रत्येक ठिकाणी सरासरीने दोनांहून किंचित अधिक बालके तीव्र कुपोषित निघतील. पण निव्वळ योगायोगाने सुमारे सहासात अंगणवाड्यांत पाच वा अधिक, तर दहाएक अंगणवाड्यांत एकही तीव्र कुपोषित बालक आढळणार नाही. मासिक बैठकीत पहिल्या गटातील सेविकांना समज दिली व दुसऱ्या गटातील सेविकांचा गौरव केला असे समजू. पुढील महिन्यात पहिल्या गटातील संख्या पाचांहून थोड्या अधिकवरून चारांच्याही खाली उतरेल आणि दुसऱ्या गटात प्रत्येकी सरासरीने एखादे बालक खाली आलेले असेल. समज दिल्याने काम सुधारते आणि कौतुक केल्याने ते बिघडते, असा अनुभव वरिष्ठांना महिन्यामागून महिना येत राहील. वास्तविक समज व कौतुक यांचा यात काहीच संबंध नसतो.

या भ्रमाचे सुप्रसिद्ध विवेचन मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी केले. इझ्राएलच्या हवाई दलातील शिक्षकांपुढे ते बोलत असता एका शिक्षकाने असे मत मांडले की, उत्तम कसरतीबद्दल वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत हटकून बिघडते आणि वाईट कसरतीबद्दल खडसावले की पुढची सुधारते. त्या शिक्षकाचे निरीक्षण बरोबर होते, अनुमान मात्र चुकीचे होते. असाधारण चांगल्या कसरतीनंतरची कसरत सरासरीने तिच्याइतकी चांगली नसते आणि असाधारण वाईट कसरतीनंतरची तिच्याइतकी वाईट नसते. कामगिरी चांगली झाली की माणसे कौतुक करतात व वाईट झाली की शिक्षा करतात. त्यामुळे कौतुकाचे फळ वाईट व शिक्षेचे फळ चांगले, असा धडा व्यवहार त्यांना पुनःपुन्हा देत राहतो. कानेमान व एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे उदाहरण आले आहे.

दुखण्यांवरील उपचारांतही असेच घडते. सांधेदुखी, खरूज किंवा अधूनमधून उसळणारा ताप यांनी त्रस्त झालेला माणूस दुखणे शिगेला पोहोचल्यावरच भगताकडे जातो वा दवाखान्यात सुई टोचून घेतो. त्यानंतरचे दिवस त्या दिवसापेक्षा बरे असण्याचाच संभव अधिक असल्याने अंगारा व सुई या दोहोंनाही सारखेच श्रेय मिळते. दुखणे मुळात आपोआप बरे होणारे असेल, तर समाश्रयणात त्याचीही भर पडते.

आभास वेगळा करण्याच्या पद्धती : सर्वांत विश्वसनीय पद्धत नियंत्रण गटाची आहे. एकाच कसोटीने निवडलेल्यांचे यादृच्छिक रीतीने दोन गट पाडून एकाला उपाय देतात. समाश्रयण दोन्ही गटांत सारखेच होते. म्हणून दोन्ही गटांतील सुधारणांची वजाबाकी हा उपायाचा खरा परिणाम ठरतो. तथापि तीव्र कुपोषित बालकाच्या जिवास धोका असल्याने त्याला आहारोपचारावाचून ठेवणे नीतीला धरून होत नाही. अशा वेळी दोन मान्य पद्धतींची तुलना करतात. उपाय सौम्य कुपोषणासाठी असेल, तर तो निरनिराळ्या गावांत टप्प्याटप्प्याने सुरू करून अजून सुरुवात न झालेल्या गावांशी तुलना करता येते.

दुसरी पद्धत दुहेरी मापनाची. पहिल्या मापाने निवड करावी आणि उपाय सुरू करण्यापूर्वी, शक्यतो एकदोन दिवसांत, दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्र माप घेऊन तेच आरंभीचे माप धरावे. यामुळे मापनातील चुकांमुळे होणारे समाश्रयण पहिल्या व दुसऱ्या मापांच्या दरम्यानच उरकून जाते. हगवण वा ताप मात्र एकदोन दिवसांत ओसरत नाही. त्यामुळे आजारातून उद्‌भवणारा भाग या पद्धतीने पूर्णपणे वगळला जात नाही. उपचारास उशीर होऊ न देता मिळणारा हा लाभ असल्याने क्षेत्रीय कामात ही पद्धत उपयुक्त ठरते.

तिसरी कसोटी बदलाच्या आकारमानाची. वरील उदाहरणात समाश्रयणामुळे मिळणारी वाढ सुमारे ३०० ग्रॅम होती. ७ किग्रॅ. वजनाचे बालक उपचाराने दररोज दर किलोग्रॅमला ५ ग्रॅम या मध्यम वेगाने वाढले, तरी ३० दिवसांत त्याचे वजन १ किग्रॅ.हून अधिक वाढते. एवढी वाढ समाश्रयणाने होऊ शकत नाही. शिवाय खरी वाढ आठवड्यामागून आठवडा टिकते, तर समाश्रयणाची ‘वाढ’ पहिल्याच पुनर्मापनात दिसते व तेथेच थांबते. म्हणून केवळ आरंभीचे व अखेरचे अशी दोन मापे न नोंदता मधली साप्ताहिक मापेही ठेवावीत.

मर्यादा : प्रत्येक सुधारणा समाश्रयणाच्या खात्यावर टाकणे ही तितकीच मोठी चूक होय. पावसाळा सरून पीक हाती आल्यावर सगळ्याच बालकांची स्थिती सुधारते. तेथे सरासरीच सरकलेली असते व तिला समाश्रयण म्हणता येत नाही. ऋतुमानाचा हा परिणाम ओळखण्यासाठी मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करावी लागते. तसेच बालक कोणत्या सरासरीकडे परतते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ते आपल्या समूहाच्या सरासरीकडे परतते, निरोगी बालकांच्या सरासरीकडे नव्हे. वरील उदाहरणात समूहाची सरासरीच उणे १·४ आहे. समाश्रयणाने कोणाचे कुपोषण दूर होत नाही.

याच्याशी निगडित असा एक वाद महाराष्ट्रातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांच्या नावाशी जोडला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम केल्यानंतर ते पुण्यास परतले. एकाच निरोगी माणसाचा आहारही दिवसादिवसाला व आठवड्याआठवड्याला बराच बदलतो. म्हणून अल्पकालीन पाहणीत ठरावीक सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण भुकेला धरला, तर भुकेल्यांची संख्या फुगते, असे त्यांनी प्रतिपादिले. हा भाग सर्वमान्य होण्यासारखा आहे. कमी आहाराशी शरीर कोणत्याही अपायाविना जुळवून घेते, या त्यांच्या पुढील म्हणण्यावर मात्र आहारतज्ञ व अर्थशास्त्रज्ञ यांनी तीव्र आक्षेप घेतले. तात्पुरत्या चढउताराचा विचार मोजणीतील चूक दुरुस्त करतो. टिकाऊ भागाची पातळी पुरेशी आहे किंवा नाही, हे मात्र तो ठरवीत नाही.

व्यवहारात सर्वांत मोठा धोका बालकास वेळेपूर्वी केंद्रातून सोडण्यात असतो. एका मापात रेषा ओलांडलेल्या बालकांपैकी कित्येकांची वाढ त्या दिवसापुरतीच असते आणि घरी गेल्यावर पुढच्या आजारात ती पुन्हा खाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बालकाचे माप उणे २ किंवा त्याहून वर आलेले असणे आणि किमान दोन आठवडे सूज नसणे, या दोन्ही अटी उपचार थांबवण्यासाठी घातल्या आहेत. प्रवेशाची रेषा उणे ३ असताना बाहेर पडण्याची रेषा उणे २ ठेवल्याने दोहोंमध्ये एका प्रमाण विचलनाचे अंतर राहते. वरील उदाहरणातील समाश्रयणाने सरासरीने ०·४ एवढेच अंतर कापले जात असल्याने हा टप्पा केवळ योगायोगाने गाठणारी बालके थोडीच असतात. हे माप लागोपाठच्या दोन मापनांत टिकले पाहिजे, अशी जोड दिल्यास त्यांची संख्या आणखी घटते.